काकांच्या डायरीत 34, शीटमध्ये 32: एका रजा ट्रॅकरचं प्रकरण

पुण्यातल्या एका गोदाम आणि माल वाहतुकीच्या कंपनीचं पेरोल मी बाहेरून बघते, तिथलं हे प्रकरण आहे. कंपनीचं नाव देत नाहीये, माणसांची ओळख आणि थोडे तपशील बदललेत, पण घोळ जसा झाला तसाच सांगतेय.

पार्श्वभूमी

43 माणसं. ऑफिस, डिस्पॅच आणि गोदाम. दुकाने व आस्थापनांचा 2017 चा महाराष्ट्राचा कायदा लागू. त्यात नोकरदाराला वर्षाला 8 सीएल, म्हणजे किरकोळ रजा, असतात, त्या तिमाहीला जमा होतात आणि वर्षअखेर उरलेल्या गेल्या. पीएल, म्हणजे साठवता येणाऱ्या हक्काच्या रजेचं म्हणाल तर, आदल्या वर्षी 240 दिवस काम केलं असेल तर दर 20 दिवसांच्या कामाला एक दिवस, आणि साठवता येते जास्तीत जास्त 45 दिवस. कंपनीची पॉलिसी याहून बरी होती: वर्षाला 18 पीएल, म्हणजे दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला 1.5 जमा, नवीन माणसालाही पहिल्या महिन्यापासून. डिसेंबरात जास्तीत जास्त 10 दिवसांचं एनकॅशमेंट, म्हणजे रजेऐवजी पैसे, आणि 45 च्या वरची रजा कॅरी फॉरवर्ड होत नाही.

हे सगळं एका एक्सेल शीटवर चालायचं. एका माणसाला एक ओळ, आडवे बारा महिने, प्रत्येक महिन्यात दोन कॉलम, घेतलेली रजा आणि उरलेली रजा. आधीच्या एचआरने बनवलेली, ती सोडून गेली, नंतर जो येईल तो तीच पुढे ओढत गेला. शेठचं म्हणणं असायचं की 43 माणसांना सॉफ्टवेअर कशाला, वजाबाकी तर करायचीय. त्यात तथ्य होतं, असं मलाही वाटायचं. जानेवारी 2024 पर्यंत.

अडचण समोर कशी आली

डिस्पॅचला एक काका आहेत, जुने. खिशात छोटी डायरी असते, त्यात गाडीचे नंबर, उधारी, आणि शेवटच्या दोन पानांवर स्वतःच्या रजा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रजेचा बॅलन्स नोटीस बोर्डावर लागला आणि ते डायरी उघडूनच माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, माझ्या हिशोबाने चौतीस बसतात. तुमच्याकडे बत्तीस लागलेत. दोन दिवस गेले कुठे?"

मी आधी शीटवरच विश्वास ठेवला, खरं सांगायचं तर. म्हटलं काका एखादी रजा लिहायला विसरले असतील. मग बसून दोघांनी ओळीने मांडलं. 1 जानेवारी 2023 ला 41 शिल्लक. वर्षभरात 18 जमा, झाले 59. मे मध्ये मुलीच्या लग्नाला 12, गणपतीत 3, उरले 44. त्यातले 10 एनकॅश केले, 34. काका बरोबर होते, सरळ बेरीज वजाबाकी आहे, त्यात चुकायला जागाच नाही.

मग शीटच्या सेलवर क्लिक केलं तर आत हे होतं:

```
=MIN(45, AH17+1.5-AI17)
```

म्हणजे कुणीतरी 45 ची मर्यादा प्रत्येक महिन्याला लावून ठेवली होती. काकांचे मार्चअखेर व्हायला हवे होते 45.5, शीटने केले 45. एप्रिलला 1.5 जमा व्हायला हवी होती, शीट परत 45 वरच थांबली. तिथेच अर्धा आणि दीड मिळून दोन दिवस गेले, आणि मे मध्ये 12 दिवसांची रजा घेतल्यावर आकडा 34.5 झाला (खरा 36.5), मग पुढे कुणाला संशय यायचं कारणच उरलं नाही कारण 45 कुठे दिसतच नव्हतं. मर्यादा ही 31 डिसेंबरच्या रात्री बघायची गोष्ट आहे, अधल्यामधल्या महिन्यात 45 च्या वर गेलं तर जाऊ द्यायचं, माणूस पुढे रजा घेणारच आहे.

याहून वाईट म्हणजे गेलेल्या दिवसांची नोंद कुठेच नव्हती. MIN गुपचूप कापतं, लॅप्स म्हणून एक अक्षर लिहीत नाही. शीट चाळताना एका सेलमध्ये तर `=MIN(45,AF29+1.5-3)+2` सापडलं, आणि कमेंट होती "साहेबांनी सांगितलं". कुठल्या साहेबांनी, कशासाठी, कुणालाच आठवेना. म्हणजे आधीही कुणीतरी भांडायला आलेलं आणि त्याला दोन दिवस शेवटी चिकटवून वाटेला लावलेलं. फॉर्म्युला कुणी दुरुस्त केला नाही.

2023 चं सगळ्यांचं परत मांडलं तर सहा जणांचे मिळून 11.5 दिवस असेच गेले होते. त्यातले 7 एकटीचे होते, आणि तिथे प्रकरण नुसत्या फॉर्म्युल्याच्या पलीकडे गेलं.

दुसरी गाठ: आधी काय, एनकॅशमेंट की मर्यादा?

गाड्यांचं शेड्यूल बघणारी एक मुलगी आहे. 2023 च्या सुरुवातीला 39, वर्षात 18 जमा, जानेवारीत 5 घेतल्या, नंतर एकही नाही. खरा बॅलन्स 52. जुन्या शीटमध्ये ऑगस्टपासून 45 वरच अडकलेला. तिने डिसेंबरात 10 दिवस एनकॅशमेंट मागितलेलं.

आता मासिक MIN काढून टाकला तरी प्रश्न उरतोच. आधी मर्यादा लावली तर 52 चे 45, मग 10 एनकॅश, पुढे जाणार 35. आधी एनकॅश केलं तर 52 मधून 10 गेले, 42 उरले, 45 च्या आतच आहे, पुढे 42. माणूस तोच, पॉलिसी तीच, फक्त क्रम बदलला आणि सात दिवसांचा फरक. पॉलिसीच्या कागदात या क्रमाबद्दल एक शब्द नव्हता. मी नंतर अजून दोन-तीन कंपन्यांचे कागद बघितले, तिथेही नव्हता.

शेठपुढे तीन पर्याय ठेवले. एक, आधी मर्यादा मग एनकॅशमेंट, कंपनीला स्वस्त. दोन, आधी एनकॅशमेंट मग मर्यादा. तीन, 45 च्या वरचं जे असेल त्याचे आपोआप पैसे द्यायचे, मागो न मागो. तिसरा त्यांनी लगेच उडवला, म्हणाले मग रजा कोण घेईल, सगळे साठवत बसतील. ते पटण्यासारखं होतं. पहिल्याकडे त्यांचा कल होता.

पण त्या मुलीने ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिवाळीसाठी 8 दिवसांची रजा मागितली होती आणि तिला "दिवाळीनंतर बघू" असा व्हॉट्सॲपवर मेसेज गेला होता, कारण दिवाळीत माल सगळ्यात जास्त हलतो. कायद्यात याची सरळ तरतूद आहे: पंधरा दिवस आधी अर्ज करून हक्काची रजा नाकारली गेली, तर 45 च्या वरच्या दिवसांचे पैसे मागायचा हक्क माणसाला मिळतो. म्हणजे तिचे ते सात दिवस आपण लॅप्स म्हणूच शकत नव्हतो. हे दाखवल्यावर शेठ जरा गप्प बसले आणि मग दुसरा पर्याय ठरला, सगळ्यांसाठी. आधी एनकॅशमेंट, मग मर्यादा. तिचे 42 पुढे गेले.

माझ्या मते इथे खरी चूक कागदाची होती. नाकारलेल्या रजेचा रेकॉर्डच नव्हता, तो मेसेज तिने जपून ठेवला नसता तर आम्ही काय केलं असतं हे मला सांगता येत नाही.

ट्रॅकर कसा करायचा: काय काय बघितलं

तयार सॉफ्टवेअरचे दोन डेमो झाले. चांगली होती, पण दोन्हीत विचारलं की वर्षअखेर एनकॅशमेंट आधी की कॅप आधी, तर समोरच्याने "सेटिंगमध्ये असेल" म्हणून सांगितलं आणि दाखवता काही आलं नाही. शिवाय दर माणशी दर महिना पैसे, शेठसाठी विषय तिथेच संपला. दुसरा मार्ग म्हणजे जुन्याच शीटमधून MIN काढायचा आणि डिसेंबरला लावायचा. हे अर्ध्या तासाचं काम होतं आणि मला मोह झालाही होता. पण मग तो "+2" आठवला. आकडा सेलमध्ये असेल तोवर कुणीही येऊन तो बदलणार आणि कारण मागे राहणार नाही.

म्हणून तिसरं केलं, बँकेच्या पासबुकासारखं. बॅलन्स कुठेही टाइप करायचाच नाही. एक `Ledger` नावाची शीट, त्यात फक्त नोंदी: तारीख, कर्मचारी कोड, रजेचा प्रकार, नोंदीचा प्रकार, दिवस. जमा असेल तर अधिक, गेली असेल तर वजा. नोंदीचे प्रकार सहाच, `OPENING`, `ACCRUAL`, `TAKEN`, `ENCASH`, `LAPSE` आणि `ADJUST`. बॅलन्स म्हणजे त्या तारखेपर्यंतच्या नोंदींची बेरीज:

```
=SUMIFS(Ledger!$E:$E, Ledger!$B:$B, $A2, Ledger!$C:$C, "PL", Ledger!$A:$A, "<="&$D$1)
```

`D1` मध्ये तारीख टाकायची, त्या दिवशीचा बॅलन्स मिळतो. कुणी म्हणालं की माझे सप्टेंबरअखेर किती होते, तर तारीख बदलून दाखवायचं. काकांना हे फार आवडलं.

वर्षअखेरची शीट वेगळी. 31 डिसेंबरचा बॅलन्स `B2`, मंजूर एनकॅशमेंट `C2`, आणि लॅप्स:

```
=MAX(0, B2-C2-45)
```

हा आकडा येतो तो तसाच लेजरमध्ये `LAPSE` म्हणून वजा नोंद होतो, शेजारी शेरा. गेले तर गेले, पण दिसले पाहिजेत. नाकारलेल्या रजेमुळे जे दिवस लॅप्स करता येत नाहीत ते आधी एनकॅशमेंटमध्ये धरायचे, त्यांना 10 ची मर्यादा नाही.

एनकॅशमेंटच्या दराचाही एक घोळ याच वेळी सापडला. दरवर्षीच्या एनकॅशमेंटला बेसिक अधिक डीए भागिले 26 करत होते आणि माणूस सोडून गेला की फायनल सेटलमेंटला भागिले 30. 20,800 बेसिक-डीए असलेल्या माणसाला दिवसाचे एकदा 800 आणि एकदा 693. दोन वेगळ्या लोकांनी दोन वेगळ्या वर्षी ठरवलेलं. 26 सगळीकडे केलं. आणि लोकांना आधीच सांगून टाकलं की नोकरीत असताना घेतलेलं एनकॅशमेंट पूर्ण टॅक्सेबल आहे, ती 25 लाखांपर्यंतची सूट निवृत्तीला किंवा नोकरी सोडताना मिळते. नाहीतर जानेवारीत पगार स्लिप बघून परत रांग लागते.

मायनसची वॉर्निंग, जी आम्ही चुकीची लावली

हा भाग मला जास्त सांगायचाय कारण ही चूक आमची स्वतःची, जुन्या शीटची नाही.

मार्च 2024 ला नवा ट्रॅकर सुरू झाला. मायनसचं असं ठरवलेलं की 3 दिवसांपर्यंत उधार रजा चालेल, त्यापुढे बिनपगारी. वॉर्निंग दाखवायची पण अडवायचं नाही, कारण कुणाच्या घरी हॉस्पिटलचं असलं तर शीट नाही म्हणते म्हणून माणूस थांबतो का? वॉर्निंग म्हणजे बॅलन्स शून्याखाली गेला की सेल लाल. झालं, असं वाटलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका नवीन मुलाचा बॅलन्स होता 5. ऑक्टोबरात लागलेला, सहा महिन्यांचे 9, त्यातले 4 घेतलेले. त्याने आधी 27 ते 30 मे ची चार दिवसांची रजा टाकली, गावच्या जत्रेला. गोदामाच्या हेडने बघितलं, 5 आहेत, 4 हवेत, मंजूर. आठवड्याने त्याने 6 ते 10 मे चे पाच दिवस टाकले. त्या आठवड्यात हेड सुट्टीवर, डिस्पॅच हेडने बघितलं, 5 आहेत, 5 हवेत, मंजूर. सेल दोन्ही वेळा हिरवाच, कारण आजच्या तारखेला रजा घेतलेलीच नव्हती.

30 मे ला लाल झाला. 5 अधिक एप्रिलचे 1.5, वजा 9, म्हणजे उणे 2.5. मे अखेरचे 1.5 येऊन उणे 1. आणि 20 जूनला पोरगा सोडून गेला, जूनची जमा नाही कारण महिना पूर्ण नाही. फायनल सेटलमेंटमध्ये एक दिवस कापलेला बघून तो म्हणाला, "रजा तुम्हीच मंजूर केली ना, मग कापता कशाला?" उत्तर नव्हतं आमच्याकडे. उधार रजेबद्दल अर्जावर कुठे सहीच घेतलेली नव्हती. तो दिवस सोडून दिला.

मग दुरुस्ती. पहिला विचार असा आला की आजचा बॅलन्स न बघता रजेच्या तारखेचा बघू. त्यासाठी वर्षभराच्या `ACCRUAL` नोंदी जानेवारीतच पुढच्या तारखांनी टाकून ठेवायच्या आणि मंजूर रजाही मंजुरीच्याच दिवशी पुढच्या तारखेने लिहायची. SUMIFS तारखेवर चालतं म्हणून त्या दिवसापर्यंत त्या नोंदी गप्प बसतात. छान आहे, पण याच केसवर चालवून बघितलं तर परत पास! 30 मे चा अर्ज आला तेव्हा 5+1.5−4, शिल्लक 2.5, ठीक. नंतर 10 मे चा आला तेव्हा 5+1.5−5, शिल्लक 1.5, हेही ठीक. दोन्ही तारखा आपापल्या जागी बरोबर, पण नंतर मंजूर झालेली रजा तारखेने आधीची असल्यामुळे पुढे आधीच मंजूर असलेल्या रजेच्या पोटात खड्डा पडतो.

म्हणजे बघायला हवा तो आजपासून पुढचा सगळ्यात खाली जाणारा बॅलन्स. लेजरमध्ये प्रत्येक ओळीला त्या तारखेपर्यंतची बेरीज दाखवणारा `F` कॉलम जोडला आणि वॉर्निंग त्याच्या किमान आकड्यावर लावली:

```
F2:  =SUMIFS($E:$E, $B:$B, B2, $C:$C, C2, $A:$A, "<="&A2)
H2:  =MINIFS(Ledger!$F:$F, Ledger!$B:$B, $A2, Ledger!$C:$C, "PL", Ledger!$A:$A, ">="&$D$1)
```

खालचा फॉर्म्युला सारांशाच्या शीटवर जातो. `H2` शून्याखाली गेला की पिवळा, उणे 3 च्या खाली गेला की लाल. त्या मुलाच्या नोंदी टाकून बघितल्या तर दुसरा अर्ज टाकल्या क्षणी उणे 2.5 आणि पिवळा. MINIFS जुन्या एक्सेलमध्ये नाही, 2019 पासून आहे, गूगल शीट्सवर चालतं, गोदामातल्या जुन्या पीसीवर एरर आली तेव्हा हे कळलं.

पुढच्या तारखांच्या जमा नोंदींची एक खोड आहे. माणूस सोडून गेला की त्याच्या शेवटच्या दिवसानंतरच्या `ACCRUAL` ओळी काढाव्या लागतात, नाहीतर गेलेल्या माणसाची रजा वाढतच राहते. एकाची राहिली होती, ऑगस्टमध्ये सापडली.

पुढे काय झालं

सहा जणांचे 11.5 दिवस `ADJUST` म्हणून परत दिले, प्रत्येकाच्या ओळीसमोर कुठल्या महिन्यात किती कापले गेले ते लिहून. डिसेंबर 2024 चं क्लोजिंग नव्या पद्धतीने झालं. एनकॅशमेंटचे अर्ज 15 डिसेंबरपर्यंत, आणि लॅप्सच्या नोंदी 31 ला न करता 10 जानेवारीला, तारीख 31 डिसेंबरची टाकून. हे दहा दिवस मुद्दाम ठेवले, कारण गोदामातल्या रजेच्या स्लिपा उशिरा येतात. एकाचे 46.5 दिसत होते, म्हणजे 1.5 लॅप्स होणार होते, 8 जानेवारीला त्याची डिसेंबरातल्या दोन दिवसांची स्लिप आली आणि बॅलन्स 44.5 झाला, लॅप्स शून्य. 31 लाच बंद केलं असतं तर त्याने रजाही घेतली असती आणि दीड दिवसही गेला असता. 10 नंतर काही आलं तर ते `ADJUST` ने पुढच्या वर्षात, जुनं वर्ष उघडायचं नाही.

रजा नाकारली तर आता ती एका वेगळ्या शीटमध्ये लिहिली जाते, अर्जाची तारीख, मागितलेले दिवस, कुणी नाकारली. हेड लोकांना हे आवडलेलं नाही. शेठना मात्र वर्षअखेर किती पैसे द्यावे लागू शकतात हे सप्टेंबरलाच दिसतं, म्हणून त्यांनी चालू ठेवलंय.

आता परत करायचं झालं तर

ओपनिंग बॅलन्सवर आधी प्रत्येकाची सही घेईन. आम्ही 2023 च्या स्लिपा तपासल्या, त्याआधीच्या मिळाल्या नाहीत, आणि 1 जानेवारी 2023 चा आकडा जुन्या शीटचाच `OPENING` म्हणून उचलला. तोच MIN 2022 मध्येही होता का? असणारच. त्या वर्षी कुणाचे किती गेले ते आता काढता येत नाही, आणि दोघांनी तसं विचारलंही. उत्तर देता आलं नाही.

आणि वॉर्निंग लावण्याआधी तीन-चार वेडेवाकडे अर्ज मुद्दाम टाकून बघितले असते, उलट्या क्रमाने, महिना ओलांडणारे, तर मे मधलं सगळं मार्चमध्येच कळलं असतं. एक तासाचं काम होतं.

काका अजूनही डायरीत लिहितात. मी दर महिन्याला त्यांना लेजरची प्रिंट देते, ते उभ्या उभ्या पेनने टिक करत जातात. मागच्या वेळी अर्ध्या दिवसाचा फरक निघाला, या वेळी चूक डायरीची होती, अर्धी सुट्टी लिहायची राहिलेली. "बरं झालं तुमच्याकडे होती," म्हणाले आणि तिथेच लिहून घेतली.